पाचवं कलम

कुठलाही कागद हातात आला की काका तो खालच्या कडेला धरायचे. आपण वरून धरतो, नावगाव वाचतो, मजकुराला लागतो. काकांचा अंगठा आधी तळाशी जायचा. शेवटच्या ओळीखालून नख फिरवायचं, मग कागद उलटा करून मागची बाजू बघायची आणि त्यानंतर सावकाश वर चढायचं. तुम्ही घाईत असाल तर हा सगळा प्रकार उभ्या उभ्या सोसायचा. वर त्यांचा प्रश्न असायचाच, "साहेब, शेवट बघितला का?"

मला ते साहेब म्हणत. मी कसला साहेब! एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, आणि सोसायटीच्या सभेत एकदा गैरहजर राहिलो म्हणून सेक्रेटरी झालो. सात रस्त्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आमची बारा फ्लॅटची तीन मजली इमारत आहे. लिफ्ट नाही. मी पहिल्या मजल्यावर, काका बरोबर माझ्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर. तुमच्याही सोसायटीत असा एक माणूस असेलच. सभेत सगळे चहाकडे बघत असताना "मागच्या इतिवृत्तात पान तीनवर सही न्हाय" म्हणणारा.

काकांची उभी हयात चादरीच्या कारखान्यात गेली. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. त्यांचं काम माल तपासायचं. मागावरून उतरलेली चादर टेबलावर पसरायची आणि घडी घालण्याआधी तिचा शेवट बघायचा. ते समजावून सांगत, "सुरवात सगळ्यांचीच चांगली असती की साहेब. इणणारा ताजा असतो, सूत नीट असतं. चूक हुती ती शेवटाला. दशा सुटतात, कडेचा धागा तुटतो. गिऱ्हाईक घरी जाऊन उलगडतंय, तवा कळतं." नोकरी सुटली, पण बोटांना ते ठाऊक नव्हतं.

त्यांच्या या सवयीची आम्ही यथेच्छ टिंगल केली आहे. शेजारच्या गल्लीतल्या एका लग्नाची पत्रिका आली तेव्हा सगळी सोसायटी नटूनथटून निघाली होती. काका तेवढे घरच्या कपड्यांत जिन्यात बसलेले. पत्रिकेच्या मागच्या बाजूला अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की कार्यालय ऐनवेळी बदललं आहे. आम्ही चुकीच्या कार्यालयात जाऊन, कोणा परक्याच नवरा-नवरीवर अक्षता टाकून परत आलो. काका जिन्यातच होते. हसले नाहीत. "शेवट बघितला न्हाय वाटतं," एवढंच म्हणाले. त्यांच्या न हसण्याचाच मला जास्त राग आला.

नोटीसबोर्डाशी त्यांची वेगळीच दोस्ती होती. रोज सकाळी खाली उतरायचे, काचेवर नाक टेकवून नोटीस वाचायचे आणि वाचल्याची खूण म्हणून काचेवर शेवटच्या ओळीखाली बोटाचा ठसा सोडायचे. मग गुडघे गेले. जिना उतरणं बंद झालं. त्यांच्यासाठी म्हणूनच, खरं सांगायचं तर, मी नोटिशीचा फोटो ग्रुपवर टाकायला लागलो. हळूहळू सगळेच फोटो वाचायला लागले आणि बोर्डाकडे कोणी फिरकेना.

काकांना मोबाइलवर दोन बोटांनी फोटो मोठा करता यायचा, पण टाइप करणं जमायचं नाही. काही सांगायचं असलं की ते चिठ्ठी लिहीत. कारखाना बंद झाला तेव्हा उरलेल्या लेबलांचा एक गठ्ठा त्यांनी घरी आणला होता. चादरीच्या घडीत घालतात ती जाड पुठ्ठ्याची लेबलं. एका बाजूला मोराचं चित्र, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर मुंग्यांसारखं बारीक लिहायचं, लेबल एका कापडी पिशवीत घालायचं आणि पिशवी सुताच्या दोरीनं गॅलरीतून खाली सोडायची. माझ्या गॅलरीच्या लोखंडी जाळीवर दोरीला बांधलेली पितळी घंटी किणकिणली की मी समजायचो, आलं वरून फर्मान. चिठ्ठी काढून घ्यायची, उत्तर असेल तर पिशवीत टाकायचं आणि दोरीला एक हिसका द्यायचा. पिशवी वर जायची. हिसका मिळाला नाही तर ती तशीच लोंबकळत राहायची. काका वाट बघत बसायचे.

आता मोटरचं सांगतो. आपल्याकडे नळाला पाणी कधी येतं हे सोलापूरकराला सांगायला नको. चार-पाच दिवसांनी, आणि येईल त्या वेळेला. ते खालच्या टाकीत साठतं. टाकी इमारतीच्या मागं, जमिनीखाली. तिच्यात पाण्यात बुडालेली मोटर आहे, ती पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते. तिचा स्विच जिन्याखालच्या कपाटात, कुलपात. पूर्वी जो तो उठून मोटर लावायचा, बंद करायला विसरायचा आणि गच्चीवरून धबधबे कोसळायचे. म्हणून आम्ही पाळी ठरवली. एका आठवड्याला एक घर. ज्याची पाळी त्याच्याकडे कपाटाची चावी. ती हरवू नये म्हणून काकांनीच एक जुना धोटा दिला, मागावर आडवा धागा घेऊन धावतो तो लाकडी धोटा. त्याला चावी बांधली आणि वर रंगानं 'मोटर पाळी' लिहिलं. दर सोमवारी धोटा एका दारावरून पुढच्या दारावर जायचा. काकांच्या पाळीला मोटर काकू लावायच्या, त्या नसल्या तर एखादा शेजारी चावी मागून नेऊन. दुसरी चावी माझ्याकडे होती, ती हरवून दोन वर्षं झाली होती. करून घेतो, करून घेतो म्हणत राहिलो.

त्या आठवड्यात धोटा काकांकडे होता.

उन्हाळा तापला होता. टाक्या साफ करायचं ठरलं. रविवारी सकाळी नऊला दोन माणसं येणार, आधी खालची टाकी, मग गच्चीवरची. मी नोटीस तयार केली. चार कलमं सगळ्यांच्या सोयीची होती. आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे. नऊपासून नळ बंद राहतील. गाड्या मागच्या बाजूला लावू नयेत. दुपारी एक वाजता मोटर लावून पाणी सोडण्यात येईल.

पाचवं कलम ठेकेदारानं सांगितलं म्हणून घातलं होतं. "खालच्या टाकीत माणसे असतील, सेक्रेटरीने प्रत्यक्ष सांगितल्याशिवाय मोटर कोणीही चालू करू नये. पहिले पाणी पंधरा मिनिटे वाहून जाऊ द्यावे, पिऊ नये." खाली माझी सही, सोसायटीचा गोल शिक्का.

झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतलेला कागद मी तीन घड्या करून खिशात घातला. घरी येऊन तो टेबलावर उलगडला, मोबाइल वर धरला. माझ्या मोबाइलमध्ये कागदाचा फोटो काढायचं एक ॲप आहे. ते कागदाच्या कडा आपली आपण शोधतं, भोवती निळी चौकट काढतं, बाहेरचं टेबल कापून टाकतं आणि कागद सरळ करून देतं. फार हुशार ॲप. पण खालची घडी जरा उचललेली होती. तिची सावली पडली. ॲपला वाटलं कागद तिथंच संपला. त्यानं घडीवर कापलं. मी बटण दाबलं, ग्रुपवर पाठवलं आणि जेवायला बसलो. अख्खा कागद बोर्डावर लावून आलो ते वेगळं. तो कोण वाचणार होतं!

शनिवारी संध्याकाळी घंटी किणकिणली. पिशवीत लेबल. मी ते गॅलरीतच उभ्या उभ्या वाचलं.

"मा. सेक्रेटरी साहेब यांस, नोटिशीचा फोटो मोठा करून पाहिला. चार कलमं नीट आहेत. चौथ्याखाली कागद कापला गेला आहे. कापल्या जागी अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघा तेवढ्या दिसतात, खाली अक्षरं नाहीत. रेघांचे तुकडे मोजले. सात आहेत. म्हणजे पाचवं कलम आहे. पाचव्या तुकड्यावर मात्रा-वेलांट्यांची गर्दी आहे. तो शब्द 'सेक्रेटरीने' असावा. म्हणजे आपल्याला विचारूनच काही करायचं आहे. ते काय, ते कळत नाही. सही-शिक्काही नाही. मोटरची पाळी माझी आहे. पाचवं कलम कळल्याशिवाय मी चावी कोणाला देणार नाही. कृपया"

इथं लेबल संपलं होतं. अगदी कडेला 'कृपया' कसंबसं बसवलेलं. पुढे 'कळवावे' असणार, जागा पुरली नसेल, असं मी धरून चाललो. मोबाइल काढून फोटो बघितला. खरंच, तळाला काळ्या रेघांची एक रांग होती. सात तुकडे. त्यांच्यावर मात्रा, वेलांट्या, आणि खाली काही नाही. गळ्यापर्यंत मातीत पुरलेल्या माणसांचे नुसते केस दिसावेत तसं ते दिसत होतं. मी मोबाइल बंद केला.

दुसरा फोटो टाकायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. पण मी वैतागलो होतो. रेघा मोजत बसतात म्हणजे काय! उद्या सकाळी टाकू म्हटलं. लेबल वहीत ठेवलं. मोराचं चित्र वर.

रविवारी सकाळी उठून गॅलरीत आलो तर पिशवी तशीच लोंबकळत होती. रिकामी. वाऱ्याचा मागमूस नव्हता, तरी ती हळू हळू हलत होती आणि घंटी जाळीला लागत होती, थांबून थांबून. मी म्हणालो, "आहे काका, लक्षात आहे," आणि आत गेलो. वरून काही उत्तर आलं नाही. मी उत्तराची वाट पाहिली, असंही नाही.

नऊला टाकीवाले आले. दोघे. त्यांना टाकी दाखवली, वॉचमनला लक्ष ठेवायला सांगितलं आणि मी स्कूटरवर कुंभारीला निघालो. पुतणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. चावी काकांच्या धोट्याला, काका घरात, मग काळजी कसली? मीटरबोर्डावरचा मोटरचा फ्यूज काढून खिशात घालावा हे तेव्हा सुचलं नाही. आता रोज सुचतं.

पंगतीत बसलो होतो. मोबाइल सदऱ्याच्या खिशात, सदरा खुंटीला. जेवून हात धुऊन बघतो तर ग्रुपवर ओळीनं निरोप. "एक वाजून गेला, मोटर कोण लावणार?" "काका चावी देत नाहीत." "सेक्रेटरी फोन उचलत नाहीत." मी वॉचमनला फोन लावला. तो जेवायला घरी गेला होता, नुकताच परतला होता.

"टाकीवाले गेले का?" मी विचारलं.

"कुटं जात्यात साहेब! गाळ लई निघाला. दोगं बी आतच हायती. कमरंएवढ्या पाण्यात. मला वरनं नुसती डोकी दिसायलीत."

ग्रुपवर लिहीत बसायला वेळ नव्हता. वॉचमनला ओरडून सांगितलं की जिन्याखालच्या कपाटासमोर जाऊन उभा राहा, कोणाला हात लावू देऊ नकोस. आणि स्कूटर पिटाळली.

पोचलो तेव्हा दोघे बाहेर आले होते. टाकीच्या तोंडाशी बसून पाय निथळत होते. एकानं मला हाक मारून मोटरची वायर दाखवली. पाण्याखाली तिला जोड होता. चिकटपट्टी कुजून सुटली होती, तांब्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या. "मालक, आमी आत असताना हे चालू झालं असतं तर..." एवढं बोलून त्यानं वायर खाली ठेवली. दुसऱ्यानं तोंडात तंबाखूची चिमूट टाकली.

जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या शेखवहिनी भेटल्या, मागे तळमजल्याचे कांबळे सर. दोघांच्या हातांत रिकाम्या बादल्या.

"क्या बाबा तुम्ही! एक वाजल्यापासून दार ठोकायलो काकांचं," वहिनी म्हणाल्या. "नोटिशीत एकला मोटर लिहिलंय म्हटलं. उघडायलाच तयार नाहीत."

"काही बोलले?"

"बोलले की. आतनं विचारले, पाचवं कलम आलं का? मी म्हटले, कुठलं कलम, चारच तर हायत. तर गप्प. परत ठोकलं तर परत तेच."

मी कांबळे सरांकडे पाहिलं. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. उगीच काही बोलणारा माणूस नव्हे.

"मीही ऐकलं," ते म्हणाले. "आवाज जरा खोल गेलेला वाटला. पण शब्द स्पष्ट. दोनदा. मी कुलूप तोडू म्हणत होतो. पण ते ऐकून का कोण जाणे, हात धजला नाही."

आम्ही तिघेही वर गेलो. दार आतून बंद. मी हाका मारल्या, पाचवं कलम आलंय म्हणूनही सांगितलं. काही नाही. शेवटी वॉचमनला बोलावून कडी उचकटली.

काका गॅलरीच्या दाराशी लाकडी खुर्चीत बसले होते. दोरीचं वरचं टोक खुर्चीच्या हाताला बांधलेलं. मांडीवर मोबाइल. उजव्या मुठीत धोटा, आणि चावी त्याच मुठीच्या आत. मान जरा खाली, तळाची ओळ वाचावी तशी. मी खांद्याला हात लावला आणि काढून घेतला.

चौकातले डॉक्टर आले. जबडा, मान, हात चाचपून बघितले. म्हणाले, "सकाळीच गेलेत. आठ-नऊच्या सुमाराला. हृदय."

"दुपारी एकला बोलले हे," शेखवहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "शक्य नाही. अंग पूर्ण ताठलंय. इतकं ताठायला वेळ लागतो."

वहिनींनी पदर तोंडावर धरला. कांबळे सर भिंतीला टेकून उभे राहिले. नंतर मी त्यांना कैकदा विचारलं, बाजूच्या फ्लॅटचा टीव्ही असेल, कोणी जिन्यात बोललं असेल. ते म्हणतात, असेल. पण तसं म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

काकू बहिणीकडे अक्कलकोटला गेल्या होत्या. पाचच्या सुमाराला त्या आल्या. रडणं झालं. बायका जमल्या. मग कोणीतरी हळूच म्हणालं, आंघोळ घालायला पाणी लागेल. घराघरातली भरलेली पातेली दुपारपर्यंत संपली होती. दोन्ही टाक्या धुऊन झाल्या होत्या, महापालिकेच्या नळालाही तेवढ्यात पाणी आलं होतं, टाकीत चांगलं हातभर साचलं होतं. टाकीवाल्यांनी वायर नवी जोडून दिली होती. फक्त मोटर लावायची होती. आणि चावी त्या मुठीत होती.

मूठ उघडेना. मी प्रयत्न केला, कांबळे सरांनी केला, दाखला घेऊन परतलेल्या डॉक्टरांनीही बोट सरकवून बघितलं. जोर लावायचा धीर कोणाला होईना. कपाट तोडू या, मी म्हणालो.

काकूंनी मान वर केली. "चिठ्ठी दिली होती ना तुम्हाला यांनी?"

"हो."

"काल फोनवर म्हणाले, साहेबांना लिहिलंय, सकाळी वर या म्हणून. तुम्ही आला नाही?"

मी म्हणालो, "चिठ्ठीत तसं काही नव्हतं, काकू."

"मागं बघितलं का?"

मी जिना उतरून घरी आलो. वहीतून लेबल काढलं. मोराचं चित्र. आयुष्यभर ज्यांनी प्रत्येक कागदाची मागची बाजू बघितली, त्यांच्या चिठ्ठीची मागची बाजू मी बघितली नव्हती. मोराच्या पायाखाली, बोटभर पांढऱ्या पट्टीत, तीच बारीक अक्षरं होती.

"सकाळी वर येऊन ते कलम मला वाचून दाखवावे. दुपारपासून छातीत व डाव्या खांद्यात कळ येते आहे. घरी एकटाच आहे. जिना उतरवत नाही. आपण आलात तर डॉक्टरकडेही जाता येईल. पिशवी खाली ठेवतो आहे. कोणी चावी मागायला आले तर मी विचारीनच, पाचवं कलम आलं का. उत्तर मिळेपर्यंत चावी सोडणार नाही. काळजी नसावी."

हे लिहितानाही त्या ओळीपाशी माझा हात थांबतो. टाकीतले दोघे त्या दिवशी आपापल्या घरी गेले, त्यांच्या बायकापोरांना कळलंही नसेल कशामुळे. आणि ज्या माणसामुळे गेले तो रात्रभर एका रिकाम्या पिशवीची दोरी धरून माझ्या हिसक्याची वाट बघत होता. मी खाली झोपलो होतो. चांगली गाढ झोप लागली होती मला.

आधी खाली जाऊन बोर्डाची काच सरकवून नोटीस काढून घेतली आणि मग वर गेलो. काकूंनी लेबलाची मागची बाजू वाचली. पदरानं काकांचं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "मग वाचून दाखवा की त्यांना. तेवढंच मागितलं होतं."

खोलीत दहा-बारा माणसं होती. काका अजून खुर्चीतच होते, मी पुढच्या सतरंजीवर त्यांच्या पायाशी बसलो. कागद खालच्या कडेला धरला.

"कलम पाच," मी वाचलं. "खालच्या टाकीत माणसे असतील, सेक्रेटरीने प्रत्यक्ष सांगितल्याशिवाय मोटर कोणीही चालू करू नये. पहिले पाणी पंधरा मिनिटे वाहून जाऊ द्यावे, पिऊ नये."

काही झालं नाही. मूठ तशीच. कोणीतरी सुस्कारा टाकला.

"सही-शिक्का राहिला," काकू म्हणाल्या.

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. "खाली माझी सही आहे, काका. सेक्रेटरी म्हणून. बाजूला सोसायटीचा गोल शिक्का. त्याच्याखाली काही नाही. मागची बाजू कोरी आहे." मी कागद उलटा करून त्यांच्यापुढे धरला. "माणसं टाकीतून बाहेर आली. दोघंही. आता मी प्रत्यक्ष सांगतोय, मोटर लावायला हरकत नाही."

आधी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. घाई न करता, एकेक करून. धोटा सतरंजीवर पडला आणि त्याची चावी माझ्या गुडघ्याला लागली. वहिनी आत निघून गेल्या. डॉक्टर पुढे झाले, मनगट धरून बघितलं, खाली ठेवलं. काकू इतका वेळ हात चोळत होत्या, उबेनं होतं असं कधी कधी, असं ते म्हणाले. त्यांनी दोनदा म्हटलं.

काकूंनी त्या हाताला स्पर्शही केला नव्हता. मी समोरच होतो.

मी खाली जाऊन कपाट उघडलं, मोटर लावली. टाकीवाले दोघे अजून फाटकाशी थांबले होते, का ते मी विचारलं नाही. गच्चीवर पाणी चढलं. काकांच्या न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडला. आधी भसाभसा हवा आली, मग गढूळ, मग ब्लीचिंगच्या वासाचं पाणी. दारात रिकाम्या बादल्या घेऊन सगळी सोसायटी उभी होती. एरवी एका कळशीसाठी भांडणारी माणसं, पण बादली पुढे कोणी केली नाही. मी मनगटावरचं घड्याळ बघत नळाशी उभा राहिलो. पाणी मोरीतून वाहत होतं. पंधरा मिनिटं पुरी होऊ दिली.

मग पहिली बादली काकांसाठी भरली.